दोनशे चौदा नंबरची दोन बिलं

मंडणगडच्या बाजारपेठेत मी अठरा वर्षं दुकानदारांचे हिशेब लिहितो. दर मार्चअखेर एक वाक्य मला निदान दहा तोंडांतून ऐकावं लागतं, "एक एप्रिलला बिल नंबर एकपासून सुरू करा म्हणजे झालं." दुकानदार हे म्हणतात, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बसवून देणारी मुलं म्हणतात, आणि आता शिकलेसवरलेले करसल्लागारही म्हणू लागलेत. कायद्याने नंबर फक्त एका आर्थिक वर्षात वेगळा असायला हवा, वर्ष तर तारखेत लिहिलेलंच असतं, मग ते नंबरात पुन्हा कशाला, असा त्यांचा सवाल असतो. दुकानाच्या तीन शाखा असल्या तरी जीएसटी नंबर एकच आहे, तेव्हा मालिकाही एकच हवी. जास्त मालिका दिसल्या की अधिकाऱ्याच्या मनात शंका येते. उरलेलं सगळं प्रोग्रॅम बघून घेतो. नंबर म्हणजे शेवटी मोजदाद, त्याचा एवढा विचार कोण करतं?

मी करतो. हा विचार न केल्यामुळे काय होतं ते मी एका दुकानाच्या वह्यांमध्ये दोन वर्षं निस्तरलं आहे.

हे दुकान लोखंडी सामान, पत्रे आणि सिमेंटचं. मुख्य दुकान मंडणगडला, एक काउंटर म्हाप्रळला आणि शाखा दापोलीला. आमच्याकडे पत्र्याचा धंदा पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये होतो. हेच नीट ध्यानात घ्या. दरवर्षी त्याच दोन महिन्यांत तेच ठेकेदार येतात आणि साधारण तेवढाच माल नेतात. नंबर एकपासून सुरू केला की मेच्या पहिल्या आठवड्यात दरवर्षी दोनशेच्या आसपासचीच बिलं फाडली जातात. २०२२ च्या मे महिन्यात एका ठेकेदाराने एक हजार रुपये दराने ५० पत्रे नेले. बिल नंबर २१४, पन्नास हजारांवर १८ टक्के कर, एकूण ५९,००० रुपये. २०२३ च्या मे महिन्यात त्याच ठेकेदाराने १,०८० रुपये दराने ६० पत्रे नेले. बिल नंबर पुन्हा २१४, एकूण ७६,४६४ रुपये. हा योगायोग फार मोठा नव्हे. ज्या दुकानाचा हंगाम आणि गिऱ्हाईक ठरलेलं आहे, तिथे असं कधीतरी होणारच.

ऑगस्टमध्ये ठेकेदाराने बँकेतून ३०,००० रुपये पाठवले. शेऱ्यात लिहिलं, `BILL 214`. दुकानातल्या मुलाने ते नव्या बिलावर जमा केले, कारण त्याच्या पडद्यावर तेच बिल होतं. ऑक्टोबरमध्ये ठेकेदाराचा फोन आला, "शेठ, दोनशे चौदामधले दहा पत्रे पडून आहेत, परत पाठवतोय." मुलाने दहा पत्र्यांची क्रेडिट नोट २०२३ च्या बिलावर आणि त्याच्या दराने काढली. १०,८०० रुपये अधिक कर १,९४४, मिळून १२,७४४. प्रत्यक्षात पत्रे होते २०२२ च्या बिलातले, एका अडकलेल्या कामाच्या गोडाऊनमध्ये पडलेले. त्यांचे ११,८०० व्हायला हवे होते. डिसेंबरमध्ये ठेकेदाराच्या हिशेबनिसाने खातं जुळवायला मागितलं तेव्हा हे उघडकीस आलं.

तोवर फार उशीर झाला होता. एखाद्या आर्थिक वर्षातल्या बिलावर क्रेडिट नोट काढून कर कमी करायचा असेल, तर ते पुढच्या वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच दाखवता येतं. २०२२-२३ च्या बिलासाठी ती तारीख ३० नोव्हेंबर २०२३ होती. चुकीची क्रेडिट नोट डेबिट नोट काढून उलटवली, पण जुन्या बिलावर कराची सूट घेण्याची मुदत निघून गेली होती. १,८०० रुपये कर दुकानदाराने पदरचा सोसला. रक्कम लहान आहे. पण त्या दोन बिलांवरून आठ महिने फोनाफोनी झाली आणि वीस वर्षांचा गिऱ्हाईक दुखावला, त्याचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

आता यावर "तारीख होती ना" असं म्हणणाऱ्यांना विचारतो. फोनवर बोलताना बिलाची तारीख कोण सांगतं? बँकेच्या शेऱ्यात तारीख कोण टाकतं? क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख दोन्ही हवी असं नियम म्हणतो, ते खरंच. पण ती तारीख दुकानातला मुलगा कुठून उचलतो? नंबर टाकून पडद्यावर जे बिल येईल, त्यावरूनच. नंबरच दुहेरी असेल तर तारीख त्या चुकीवर शिक्का मारते, चूक पकडत नाही.

आणि नियमाचा आधार घेणाऱ्यांनी तो नियम तरी नीट वाचावा. केंद्रीय जीएसटी नियम २०१७ मधला नियम ४६ बिलाचा नंबर सलग असावा म्हणतो, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा म्हणतो, एक किंवा अनेक मालिकांत चालेल म्हणतो. इंग्रजी अक्षरं, अंक, आडवी रेघ `-` आणि तिरकी रेघ `/` एवढीच चिन्हं चालतात, आणि नंबर आर्थिक वर्षापुरता एकमेव हवा. ही कमीत कमी अट आहे. सरकारला वर्षाचं विवरणपत्र तपासायचं असतं, म्हणून त्याला वर्षापुरतं पुरतं. दुकानदाराचा व्यवहार ३१ मार्चला संपतो का? उधारी पुढच्या वर्षात जाते. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणजे कपाटात कुठल्याही घडीला सात-आठ वर्षांची बिलं असतात. एकपासून सुरू करणाऱ्याच्या कपाटात २१४ नंबरची तेवढीच बिलं सापडतील. त्याला कायद्यात बसतं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. ते कामाचं नाही.

म्हणून वर्ष नंबरातच हवं. ते चार अंकांत मावतं, २०२४-२५ साठी `2425`. पण इथेही मी एक घात पाहिला आहे. शेजारच्या एका दुकानाने माझं म्हणणं ऐकून वर्ष घातलं, हौसेने गावाचं नावही घातलं. बिल होतं `MNDGAD/23-24/999`. मोजून बघा, बरोबर सोळा अक्षरं. जानेवारीपर्यंत काही अडलं नाही. फेब्रुवारीत हजारावं बिल निघालं आणि नंबर सतरा अक्षरांचा झाला. छापील बिलावर तो उमटला, पण पोर्टल सोळाच्या वर घेत नाही. मुलाने विवरणपत्र भरताना एक अक्षर गाळलं. गिऱ्हाइकाने आपल्या खरेदीत बिलावरचा नंबर लिहिला आणि पोर्टलवर दुसराच दिसला. अशी साठेक बिलं जुळवायला एक आठवडा गेला. अक्षरं मोजायची तर वर्षातल्या शेवटच्या, सर्वांत मोठ्या नंबरापर्यंत मोजावीत. पहिल्या बिलावर मोजून काय कळणार?

शाखांच्या बाबतीतला गैरसमज याहून खोल आहे. एक जीएसटी नंबर म्हणून एक मालिका, हे समीकरण कुठून आलं ते मला आजवर कळलेलं नाही. नियमात अनेक मालिका चालतील असं स्वच्छ लिहिलंय. जीएसटीआर-१ च्या तेराव्या तक्त्यात तर प्रत्येक मालिकेसाठी वेगळी ओळ भरायची सोय आहे. कुठून कुठपर्यंत नंबर वापरले, एकूण किती, त्यातले रद्द किती. ज्या सरकारने वेगळ्या मालिकांसाठी ओळी दिल्या, त्याच सरकारच्या अधिकाऱ्याला वेगळी मालिका बघून शंका का यावी? शंका येते ती मालिकेत विनाकारण पडलेल्या खळग्याची. आणि तो खळगा एकाच मालिकेवर तीन दुकानं चालवल्याने पडतो.

आमच्याकडे एक मालिका तीन ठिकाणी चालवायची म्हणजे तिन्ही ठिकाणचं इंटरनेट सतत चालू हवं. जुलैत म्हाप्रळला नेट किती तास असतं, हे तिथल्या कोणालाही विचारा. नेट गेलं की पुढचा नंबर कोणाला मिळाला ते दुसऱ्या दुकानाला कळत नाही. मग लोक हुशारी करतात, नंबर आधीच वाटून देतात. आमच्या त्याच दुकानाने २०२३-२४ मध्ये तसं केलं होतं. मंडणगडला १ ते ३०००, म्हाप्रळला ३००१ ते ४०००, दापोलीला ४००१ पासून पुढे. म्हाप्रळला नदीपलीकडच्या आंबेतकडून गिऱ्हाईक वाढलं आणि जानेवारीत तिथले हजार नंबर संपले. काउंटरवरच्या मशीनने कोणाला न विचारता ४००१ नंबरचं बिल फाडलं. दापोलीला ४००१ नंबरचं बिल एप्रिलमध्येच निघालं होतं. आता एकाच वर्षात, एकाच जीएसटी नंबराखाली एका नंबराची दोन बिलं. इथे नियम खरोखर मोडला. आणि हे पोर्टलने पकडलं नाही, कारण नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांची लहान बिलं विवरणपत्रात एकत्र बेरजेने जातात, एकेक नंबराने जात नाहीत. चूक मार्चअखेर मी रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवून चाळली तेव्हा सापडली. तोपर्यंत १३७ नंबर दुहेरी झाले होते.

नंबर वाटून घेणं ही एक मालिकाच आहे, तिला फक्त कुंपण घातलंय. एखादी शाखा वाढली की कुंपण मोडतं. प्रत्येक शाखेला स्वतःचं अक्षर दिलं की कुंपणाचा प्रश्नच उरत नाही. म्हाप्रळला कितीही बिलं फाडा, ती दापोलीच्या अंगावर येणार नाहीत, नेट असो वा नसो.

अक्षर निवडताना मात्र गावाच्या नावाची आद्याक्षरं घेण्याची सवय सोडा. मंडणगड, महाड, म्हाप्रळ. `MAN`, `MAH`, `MHA`. काउंटरवरच्या मुलाने घाईत, विजेच्या मंद उजेडात यातलं एक वाचून फोनवर सांगायचं आहे. कितीदा चुकेल? आम्ही मंडणगडसाठी `G` घेतलं, म्हाप्रळसाठी `P`, दापोलीसाठी `D`. लिहिलेली तिन्ही वेगळी दिसतात. अक्षरापुढे एक अंक, तो काउंटरचा. मंडणगडच्या दोन काउंटरांना `G1` आणि `G2`. शून्य आणि ओ, एक आणि आय यांत घोळ होतो, म्हणून `O` आणि `I` कुठल्याही शाखेला द्यायचं नाही. नंबराची सुरुवात शून्याने करू नका. ज्यांना ई-इनव्हॉइस लागू आहे त्यांचं बिल शून्याने किंवा रेघेने सुरू झालं तर नोंदणीच होत नाही. आणि एखादी शाखा बंद झाली तर तिचं अक्षर कायमचं बाद. ते दुसऱ्या गावाला दिलं की जुन्या उधारीचं बिल नव्या शाखेच्या नावावर दिसू लागतं.

मग पूर्ण नंबर असा होतो: `G1/2425/00417`. तेरा अक्षरं. पाच अंकी मोजणीमुळे एका काउंटरला वर्षात ९९,९९९ बिलांपर्यंत जागा आहे, आणि पुढची शून्यं असल्यामुळे कॉम्प्युटर यादी लावताना दहावं बिल दुसऱ्याच्या आधी आणत नाही. क्रेडिट नोटला `G1C/2425/00009`, चौदा अक्षरं, तिची मालिका वेगळी. सोळाच्या आत दोन अक्षरांची जागा अजून शिल्लक राहते. ती राहू द्यावी. त्यात गिऱ्हाइकाचा कोड, मालाचा प्रकार किंवा महिना कोंबायला जाऊ नका. गिऱ्हाईक बदलतं, मालाचे प्रकार वाढतात. बिलात लिहिलेली गोष्ट नंबरात पुन्हा लिहिण्याची गरज फक्त वर्षाला आणि जागेला आहे, कारण नंबर दुहेरी होण्याचे रस्ते तेवढेच आहेत.

राहिला "प्रोग्रॅम बघून घेतो" हा भरवसा. प्रोग्रॅम सांगितलं तेवढंच बघतो. टॅलीत विक्रीच्या व्हाउचर प्रकाराला नंबराच्या आधीचा भाग तारखेनुसार लावता येतो; १ एप्रिलपासून `G1/2526/` आणि मोजणी दरवर्षी नव्याने, असं एकदा भरून ठेवता येतं. पण ते भरणार कोण? तिथेच दुसरी एक निवड असते. मधलं बिल काढलं किंवा घुसवलं तर पुढच्या बिलांचे नंबर तसेच ठेवायचे की सरकवायचे. सरकवायची निवड असेल आणि कोणी एक बिल पुसलं, तर त्यानंतरच्या सगळ्या बिलांचे कॉम्प्युटरमधले नंबर एकेकाने मागे येतात. गिऱ्हाइकाच्या हातातला कागद मात्र जुन्याच नंबराचा राहतो. म्हणून नंबर तसेच ठेवण्याची निवड करा, आणि चुकलेलं बिल पुसू नका, रद्द करा. पुसण्याची कळ `Alt+D`, रद्द करण्याची `Alt+X`. रद्द बिल त्याच नंबरावर शून्य रकमेने उभं राहतं आणि तेराव्या तक्त्यात रद्दच्या रकान्यात मोजलं जातं. मग खळगा उरत नाही, त्याची कागदावर नोंद असते.

प्रोग्रॅमवरचा भरवसा सर्वांत जास्त फसतो तो वर्ष पालटताना. पुष्कळ ठिकाणी वर्षाचा भाग कॉम्प्युटरच्या आजच्या तारखेवरून घेतला जातो. तो बिलाच्या तारखेवरून घ्यायला हवा. ३१ मार्चच्या संध्याकाळी वीज गेली, बिल हाताने फाडलं आणि कॉम्प्युटरवर ते २ एप्रिलला चढवलं, तर आजच्या तारखेवर चालणारा प्रोग्रॅम जुन्या वर्षाच्या बिलाला नव्या वर्षाचा नंबर देतो. मार्चच्या विवरणपत्रात बसणारं बिल एप्रिलच्या मालिकेत जातं. महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्याला मार्चचं जीएसटीआर-१ ११ एप्रिलपर्यंत द्यायचं असतं, म्हणजे हे शोधायला हातात जेमतेम आठ-नऊ दिवस असतात. जे एक्सेलवर बिलांचं रजिस्टर ठेवतात त्यांच्यासाठी हा हिशेब एका ओळीचा आहे. `A2` मध्ये बिलाची तारीख असेल तर:

```
=TEXT(EDATE(A2,-3),"yy")&TEXT(EDATE(A2,9),"yy")
```

तारखेतून तीन महिने मागे गेलं की आर्थिक वर्षाचं सुरुवातीचं साल मिळतं, नऊ महिने पुढे गेलं की शेवटचं. ३१ मार्च २०२५ ला `2425` येतं, १ एप्रिल २०२५ ला `2526`. आजची तारीख यात कुठेच नाही.

"३१ मार्चच्या रात्री जुनी मालिका बंद करून टाका" असाही एक सल्ला दिला जातो. तो सल्ला देणाऱ्याने आमच्याकडे कधी विजेविना दुकान चालवलेलं नसावं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही वर्षांच्या मालिका उघड्या राहिल्याच पाहिजेत. ३१ मार्चला हाताने फाडलेली बिलं चढवून झाली आणि बिलबुकाशी ताडून बघितली की मगच जुनी बंद करायची. हाताच्या बिलबुकाला मात्र कॉम्प्युटरच्या मालिकेतला नंबर देऊ नका. वीज आल्यावर कॉम्प्युटर तोच नंबर दुसऱ्या बिलाला देतो. आमच्या बिलबुकाची मालिका वेगळी आहे, `G9`, छापखान्यातूनच नंबर टाकून आणलेली. कॉम्प्युटरवर चढवताना छापील नंबरच चढवतो. वर्षाचे अंकही छापलेले असल्यामुळे ३१ मार्चला उरलेली पानं पुढच्या वर्षी वापरता येत नाहीत. त्यांवर आडवी रेघ मारून ती फायलीत ठेवायची. दुकानदार इथे कुरकुरतात, वीस-तीस पानं वाया गेली म्हणून. दुहेरी नंबरांपायी १३७ बिलं पुन्हा तपासायला बसलेला माणूस त्या पानांची किंमत करणार नाही.

त्या दुकानाने १ एप्रिल २०२४ पासून ही पद्धत लावली. तिची पहिली परीक्षा ३१ मार्च २०२५ ला झाली. संध्याकाळी साडेसहाला वीज गेली आणि रात्रीपर्यंत आली नाही. बिलबुकावर तीन बिलं फाडली, शेवटचं `G9/2425/00058`. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडणगडच्या काउंटरवर पहिलं बिल निघालं `G1/2526/00001`, म्हाप्रळला `P1/2526/00001`, दापोलीला `D1/2526/00001`. २ एप्रिलला मी हाताची तीन बिलं मार्चच्या तारखेने चढवली. तिन्ही आपापल्या जागी बसली, एकही नंबर दुसऱ्याला लागला नाही.